कॉलिस्टिनसोबत अमिकासिन जोडायचं का? किडनी आधीच दमलेली आहे

तालुक्यातला एमडी: पेशंट ६२ वर्षांचे, वजन ४५ किलो, कापूस वेचणीच्या दिवसांत प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली. गावात चार दिवस डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं झाली, मग ताप आणि थंडी घेऊन आमच्याकडे आले. बीपी सलाईनवर १०० च्या आसपास, क्रिएटिनिन १.६. युरिन कल्चरमध्ये क्लेब्सिएला: मेरोपेनेम फेल, अमिकासिन एस (एमआयसी ८), कॉलिस्टिनचा एमआयसी ०.५. ब्लड कल्चर यायचं आहे. सीनियर म्हणतात दोन्ही सुरू करा, मला किडनीची भीती वाटते. तुम्ही काय कराल?

आयसीयूवाला, अमरावती: सीनियर बरोबर सांगतायत. कॉलिस्टिन एकटं दिलं की जंतूंमधला एक छोटा गट तग धरतो आणि आठवड्यात तोच वर येतो, हे मी स्वतः पाहिलंय. दोन औषधं दोन वेगळ्या जागी मारतात. किडनी सांभाळायची तर अमिकासिनचा डोस फोडा, ३५० मिग्रॅ सकाळी, ३५० संध्याकाळी. एकदम मोठा डोस दिला की किडनी बसते.

वर्धेकर ताई (मायक्रोबायोलॉजी): तग धरणाऱ्या गटाचं तुमचं म्हणणं खोटं नाही. पण डोस फोडायचा सल्ला उलटा आहे, भाऊ. अमिकासिन किडनीच्या नळ्यांमधल्या पेशींत शिरतं आणि त्या पेशींची घ्यायची क्षमता लवकर भरते. त्यामुळे एकदाच मोठा डोस दिला तर उरलेलं लघवीतून निघून जातं, आणि पुढच्या डोसाआधी पेशींना उसंत मिळते. दिवसातून दोनदा दिलं की त्या सतत भिजलेल्याच राहतात. आणि जंतू मरतो तो उंच शिखरामुळे, ते शिखरही तुम्ही कापून टाकता. १५ मिग्रॅ प्रति किलोने ४५ किलोला ६७५ मिग्रॅ, एकाच वेळी. किडनी मंद असेल तर डोस कमी करू नका, पुढचा डोस लांबवा. इथे क्लिअरन्स ३० च्या आसपास येतो, म्हणजे साधारण ४८ तास.

आता मूळ प्रश्न. मेरोपेनेमची जोड कॉलिस्टिनला उपयोगी पडते का, यावर २०१८ साली एआयडीए नावाचा मोठा अभ्यास आला. ४०६ रुग्णांत काही ठोस फायदा दिसला नाही.

आयसीयूवाला, अमरावती: तो अभ्यास बहुतेक असिनेटोबॅक्टरचा होता, आणि जोड मेरोपेनेमची होती. इथे क्लेब्सिएला, जोड अमिकासिनची. त्यावरून तुम्ही माझं म्हणणं कसं खोडता?

वर्धेकर ताई: मान्य, थेट लागू होत नाही. पण 'फायदा नाही' हे सिद्ध झालं नाही म्हणजे 'फायदा आहे' असं होत नाही. किडनीचं नुकसान मात्र दोन्ही औषधांचं एकमेकांवर चढतं, त्यात डायक्लोफिनॅक आणि तुंबलेली लघवी. माझा हिशोब असा: कॅथेटर टाकून तुंबारा मोकळा करा, आधी ते. ब्लड कल्चर निर्जंतुक आलं आणि बीपी टिकलं तर एकटं अमिकासिन, कारण ते लघवीत भरपूर साठतं. रक्तात जंतू निघाला तर अमिकासिनच्या ८ या एमआयसीवर माझा विश्वास नाही. २०२३ पासून अमेरिकन मानकात क्लेब्सिएलासाठी अमिकासिनचं 'एस' फक्त ४ पर्यंत आहे. तुमच्या लॅबचं 'एस' जुन्या १६ च्या रेषेवरचं दिसतंय. मग एकटं कॉलिस्टिन. आणि परवडत असेल तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि अझ्ट्रिओनाम, या दोघांच्याही आधी.

राजूभाऊ, दारव्हा: मी डॉक्टर नाही, पण बोलल्याशिवाय राहावत नाही. माह्या बाबाले सात दिवस तेच अमिकासिन देलं होतं. किडनी सुधरली, पण कानात चोवीस तास शिट्टी वाजते अन् टीव्ही पूर्ण आवाजावर. कोणी आधी सांगतलंच नाही राजेहो. हे कॉलिस्टिन घेतलं असतं तर कान वाचले असते काय?

वर्धेकर ताई: राजूभाऊ, कॉलिस्टिनचा कानाला असा त्रास नसतो, पण त्यांच्या जंतूला ते हवं होतं का हे मी इथून सांगू शकत नाही. अमिकासिनने गेलेलं ऐकणं बहुधा परत येत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून एकदा ऑडिओमेट्री करून घ्या, श्रवणयंत्राने टीव्हीचा तरी प्रश्न सुटेल. आणि एमडी साहेब, पेशंटच्या घरच्यांना शिट्टीबद्दल आजच विचारायला शिकवा, आपण विचारलं नाही तर ते सांगत नाहीत.

मेडिकलवाला: मी दुकानातून लिहितोय. कॉलिस्टिनच्या चिठ्ठ्यांवर गोंधळ असतो, कोणी मिग्रॅ लिहितं, कोणी युनिट. १० लाख युनिट म्हणजे मिठाच्या हिशोबाने ८० मिग्रॅ, पण मूळ औषधाच्या हिशोबाने जेमतेम ३३. अमेरिकन पुस्तकातला आकडा मूळ औषधाचा असतो. मागे एका चिठ्ठीवर २२५ मिग्रॅ होतं, मी लेबल पाहून २८ लाखाच्या आसपास काढलं. डॉक्टरला ते ६७ लाख हवे होते. चिठ्ठीवर लाखांतच लिहा ना साहेब.

तालुक्यातला एमडी: मग ४५ किलोच्या माणसाला पहिला डोस किती? माझ्या डोक्यात ९० लाख आहे, पण हात थरथरतो. आमचे एक सर म्हणतात, क्रिएटिनिन वाढलंय, तर थेट २० लाखाने सुरू करा.

वर्धेकर ताई: सरांचं ऐकलंत तर पहिले दोन-तीन दिवस रक्तात औषध पुरेसं पोचणारच नाही, कारण आपण जे टोचतो ते शरीरात हळूहळू कॉलिस्टिन बनतं. पहिला डोस किडनीवर ठरत नाही. २०१९ ची आंतरराष्ट्रीय शिफारस सरसकट ९० लाखाची आहे. वजनाच्या जुन्या सूत्राने ४५ किलोला ५४ लाख येतात. आमच्याकडे काहीजण बारीक माणसाला ६० लाख देतात, यावर आम्ही विभागात अजून भांडतो. १२ तासांनी पुढचे डोस किडनीप्रमाणे: क्लिअरन्स ३० ते ४० ला दिवसाला साधारण ६० लाख, दोन भागांत.

अडचण पुढे आहे. कॅथेटर टाकल्यावर क्रिएटिनिन १.२ वर आलं तर क्लिअरन्स ३० वरून ४० ला पोचतो, आणि कालचा डोस कमी पडायला लागतो. म्हणून क्रिएटिनिन रोज. औषधाने बिघडलेली किडनी बहुधा पाचव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास बोलते, आणि बऱ्याचदा लघवी भरपूर होत असताना. 'लघवी होतेय ना' यावर निर्धास्त राहू नका. डायक्लोफिनॅक तर आजच बंद.

आयसीयूवाला, अमरावती: बरं, पण ब्लड कल्चर यायला दोन दिवस. तोवर बीपी पडलं तर? मी तरी अमिकासिनचा एक डोस देऊन मोकळा होईन. एका डोसाने किडनी जात नाही.

वर्धेकर ताई: एका डोसाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो एकाचे सात होण्याला.

तालुक्यातला एमडी: तिसरा दिवस. तुंबारा मोकळा केला, ९०० मिलि निघालं. सलाईन आणि ६७५ मिग्रॅ अमिकासिन एकदा. ताप उतरला, क्रिएटिनिन १.२. ब्लड कल्चरची बाटली लॅबने अजून निगेटिव्ह दाखवली आहे. कॉलिस्टिन उघडलं नाही. काल पेशंटच्या मुलीला कानातल्या शिट्टीबद्दल विचारलं. ती म्हणाली, बाबांना मुळातच एका कानाने कमी येतं, फवारणीच्या पंपाच्या आवाजाने. म्हणजे नंतर काही झालं तर कळणार कसं?