मदत हवी आहे : १० बाय १२ च्या खोलीसाठी कूलर की टेबल फॅन?

नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वीजवळ, घरावर टिनाचं छप्पर. बाबांच्या खोलीसाठी सोय करायची आहे. त्यांची झोप अगदी हलकी, जराशा आवाजानं उठतात.

टेबल फॅन पाहिला: घेर ४०० मिमी, स्पीड ३. पण मे महिन्यात तो गरम हवाच फेकणार, म्हणून मन कूलरकडे वळतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात पाण्याचा गारवा चांगला मिळतो.

ऑनलाइन एका कूलरच्या माहितीत ‘१५० चौरस फूट खोलीस योग्य, हवा ताशी १००० घनमीटर, आवाज ६० डेसिबल’ असं आहे. खोली १२० चौरस फूट, पण उंची ११ फूट, म्हणजे १३२० घनफूट. दर दोन मिनिटांनी हवा बदलायची तर ताशी साधारण ११०० घनमीटर लागते. म्हणजे फुल स्पीडवरही थोडा कमीच, आणि रात्री तर कमी स्पीडवरच चालवावा लागेल.

६० डेसिबल कोणत्या स्पीडचा, हे लिहिलेलंच नाही. मग मोठा, ताशी २००० घनमीटरचा घेऊन कमी स्पीडवर चालवला तर आवाज खरंच कमी राहतो का? खिडकीत बसवून समोरचं दार उघडं ठेवता येईल. वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, बाबांची झोप महत्त्वाची आहे.