अनुभव धागा: घर चालवणारी थोरली, सिनेमातली आणि आपल्या घरातली

अस्मिता_को: प्रेम की घर म्हटलं की पळून जाणारी जोडपीच आठवतात. मला मात्र घर चालवणारी थोरली मुलगी छळते. तिच्या प्रेमाला कुणी उघड विरोध करत नाही. ती गेली तर पहिल्या तारखेला पैसे कोण आणणार, एवढंच.

ऋत्विक घटकांचा 'मेघे ढाका तारा' (१९६०) पाहा. फाळणीत पूर्व बंगालमधून आलेलं कुटुंब, कलकत्त्याबाहेरची निर्वासितांची वसाहत. वडील शिक्षक, ते अपघाताने घरी बसतात. नीता शिक्षण सोडून नोकरी धरते आणि सनतला थांबायला सांगते. तो धाकट्या गीताकडे वळतोय हे आईला दिसतं, पण ती अडवत नाही. गीता गेली तर खाणारं एक तोंड कमी होईल, नीता गेली तर पगारच जाईल. घटकांनी आईला दुष्ट केलेलं नाही, तिला फक्त हिशेब येतो. नीताला सनतचं कळतं तेव्हा जिना उतरताना चाबकाचे फटकारे ऐकू येतात. पडद्यावर चाबूक कुठेच नाही.

तुमच्या माहितीत अशी कुणी होती का? लिहा.

रानवारा: माझी आत्या. १९८२च्या संपानंतर आजोबांची गिरणी सुरू झालीच नाही. आत्या सरकारी नोकरीत होती, तिथल्याच एकाशी जमलं होतं. आमच्याकडे 'नाही' कुणी म्हटलं नाही. आधी काकाचं कॉलेज होऊ दे, मग धाकट्या आत्याचं लग्न, मग खोलीचे पैसे. तो माणूस बरीच वर्षं थांबला, मग त्यानं दुसरीकडे लग्न केलं. आत्या आहेर घेऊन गेली होती. राखीचा 'तपस्या' टीव्हीवर लागला तेव्हा म्हणाली, "एवढं रडायला वेळ कुठे असतो गं!"

विनायक७१: रेखाचा 'जीवनधारा' म्हणजे या बंगाली चित्रपटाचीच नक्कल. कमावती बहीण, ऐतखाऊ भावंडं, सगळं तेच.

अस्मिता_को: विनायककाका, गोत्र एक आहे खरं, पण 'जीवनधारा' बालचंदर यांच्या १९७४च्या तमिळ 'अवळ ओरु तोडर् कदै'वरून आला. त्यात दारुडा भाऊ सुधारतो, ती स्वतःच्या लग्नाला तयार होते आणि नेमका तोच मारला जातो. तिला घरात ठेवायला तिथे एक खून लागला. घटकांना तसलं काही लागत नाही, महिन्याचा खर्च पुरतो. म्हणून मला तो जास्त खरा वाटतो.

विनायक७१: तमिळचं माहीत नव्हतं. पण घटकांनीही शेवटी क्षय आणलाच की! तोही योगायोगच म्हणायचा.

मी_सातारकर: आमचा आंतरजातीय विवाह, घरचे चार वर्षं बोलत नव्हते. मुलगी झाली आणि सासूबाई डिंकाचे लाडू घेऊन दारात उभ्या!

रानवारा: 😀 सातारकर, हा वेगळा धागा होईल, पण लाडवांचं सविस्तर येऊ द्या.

सायली_द: थोडं उलटं लिहिते. आई गेल्यावर मी बाबांजवळ राहिले. मी कुणावर तरी पाणी सोडलं असणार असं सगळे धरून चालतात. कुणी नव्हतंच. मला आमचं दोघांचं घर आवडायचं. जपानी दिग्दर्शक ओझूंच्या १९४९च्या 'लेट स्प्रिंग'मधली नोरिको अशीच आहे, विधुर वडिलांबरोबर सुखात. तिनं जावं म्हणून बाप 'मी दुसरं लग्न करतोय' असं खोटंच सांगतो. ती जाते. नवरा पडद्यावर एकदाही दिसत नाही. सगळे त्या बापाच्या त्यागावर रडतात. मला त्याचा राग येतो. तिला विचारलं कुणी?

अस्मिता_को: सायली, हे मी या बाजूनं पाहिलंच नव्हतं. पण बाप म्हातारा होणार, नंतर ती एकटी, ही त्याची भीती खोटी म्हणता येईल का?

सायली_द: नाही. पण ती भीती त्याची आहे ना, तिची नाही.

धाकटा_भाऊ: इथे भावांना 'ऐतखाऊ' म्हटलंय म्हणून लिहितो. ताईच्या पगारावर मी इंजिनिअर झालो. 'मेघे ढाका तारा'तला गाणारा शंकर आठवा. घरात तिचं दुःख कळणारा तोच, आणि कमावत नाही तोही तोच. मुंबईला जाऊन नाव कमावून परततो तेव्हा नीता आजारी. मी बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला असताना ताईचं एक स्थळ मोडलं. मुलगा तिच्याच पसंतीचा होता. मी शिक्षण सोडतो म्हणालो असतो तर तिनं कानाखाली वाजवली असती. मग आम्ही करायचं काय होतं?

रानवारा: नोकरी लागल्यावर तरी?

धाकटा_भाऊ: तेव्हा तिला चाळिसावं लागलं होतं. आता गावचं घर तिच्या एकटीच्या नावावर करायचं म्हणतोय. ती म्हणते, "मला काय करायचंय?" थोरल्या दादाची हक्कसोडपत्रावर सही अजून झालेली नाही.