हेअरलाइनचा प्रीव्ह्यू: रंगाआधी दिशा बघा

>> "टक्कल पडलेल्या माणसाच्या फोटोत कपाळावर नवी हेअरलाइन लावून पाहिली, रंगही जुळवला, तरी विगच वाटतोय."

डोक्याच्या मागचा तुकडा कॉपी करून पुढे चिकटवला असेल, तर केसांची दिशा चुकते. कपाळाच्या कडेचे केस पुढे झुकून निघतात आणि कानशिलाकडे जाताना खाली वळून त्वचेला जवळजवळ चिकटतात. दादरला आमच्या स्टुडिओत एका गिऱ्हाइकाचा फोटो असाच अडला होता. तेव्हा उरलेल्या केसांची मुळं झूम करून पाहिली आणि त्याच रोखाने एकेक केस बारीक ब्रशने काढला. पहिला अर्धा सेंटीमीटर फक्त सुटे, बारीक केस ठेवले, मधून त्वचा दिसू दिली आणि कड जराशी वाकडीतिकडी केली. तेवढ्याने चेहरा त्याचाच वाटू लागला.

केसांच्या प्रत्यारोपणानंतर कसं दिसेल ते बघत असाल तर दाटपणा मुद्दाम कमी ठेवा. एका बैठकीत चौरस सेंटीमीटरला केसांच्या मुळांचे साधारण 30 ते 45 पुंजके, म्हणजे ग्राफ्ट, बसतात; मूळच्या दाटीच्या जेमतेम निम्मे. वरून कडक उजेड पडला की टाळू दिसणारच. प्रीव्ह्यूतही ती दिसायला हवी, नाहीतर माणूस भलत्याच अपेक्षेने डॉक्टरकडे जातो.