गच्चीवरच्या कोजागरीचा फोटो

ए-३०४: कोजागरीचा फोटो एआयला ‘उजळ कर’ म्हटलं, तर भरदुपार झाली. मागचा येऊरचा डोंगरसुद्धा हिरवागार! आणि १०१ च्या काकू ओळखूच येत नाहीत. नेमकं काय लिहायचं असतं?

बी-७०२: ‘उजळ कर’, ‘क्वालिटी सुधार’ असं लिहिलं की तो अख्खा फोटो उजळतो आणि अंधारातल्या फोटोत येणारे बारीक ठिपके, म्हणजे दाणे, पुसून त्वचा गुळगुळीत करतो. उजेड कुठून येतो ते लिहा. दिव्यांची माळ सगळ्यांच्या पाठीमागे आहे, म्हणून केसांच्या कडा चमकतायत आणि चेहरे काळे पडलेत. पण उजवीकडे दुधाच्या पातेल्यावर पिवळा बल्ब आहे, त्याचाच उजेड वाढवायला सांगा. फोटोत नसलेला दिवा आणला की सावल्या जुळत नाहीत. हे टाकून बघा:

```
उजवीकडच्या पिवळ्या बल्बचा मंद उजेड पुढच्या
चौघांच्या चेहऱ्यांवर पडू दे. डोळे, नाक, ओठ
ओळखू येतील इतकाच. चेहऱ्यांची डावीकडची बाजू
सावलीत राहू दे. आकाश आणि डोंगर काळेच,
माळ आहे तशी. फोटोतला दाणा चेहऱ्यांवरही ठेव.
चेहरेपट्टी, हावभाव, चष्मा, कपडे, चौकट बदलू नको.
```

सी-१०१: दादा, दाणा गेलेलाच बरा ना?

बी-७०२: नाही काकू. आकाशात दाणा आणि गाल गुळगुळीत, असं झालं की चेहरे वरून चिकटवल्यासारखे दिसतात. झूम करून गाल आणि मागची भिंत शेजारी शेजारी बघा, लगेच कळतं.

डी-१२०२: त्याआधी मूळ फाइल मागवा, डॉक्युमेंट म्हणून. ग्रुपवर साधा टाकलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि अंधारातले बारकावे तिथेच जातात. दुसरं म्हणजे, आलेल्या फोटोवर पुन्हा सूचना देत बसू नका. दर फेरीत चेहरा थोडा थोडा बदलत जातो. सूचनेतला एखादा शब्द बदला आणि मूळ फोटोवरच परत चालवा.

ए-३०४: केलं. चौघं छान आलेत. टाकीजवळच्या मागच्या मंडळींचं काय?

बी-७०२: त्यांना अंधारातच ठेवा. तिथे चेहरा नखाएवढा आहे आणि पूर्ण काळा. कॅमेऱ्यात काही उतरलेलंच नाही, त्यामुळे एआय मनाने चेहरा रचतो. ‘मागच्या रांगेला हात लावू नको’ एवढं जोडा. पुढच्या चौघांचेही तीळ, दात, नथ मूळ फोटोशी ताडून बघा. मूळ फारच काळा वाटला तर फोनच्या एडिटरमध्ये शॅडोज वाढवा, फक्त ताडण्यापुरतं.

सी-१०१: माझी नथ बरोबर आहे, पण चेहरा जरा जास्तच उजळ वाटतोय.

डी-१२०२: काकू, त्याला पुन्हा एआय नको. थर लावता येतील अशा ॲपमध्ये खाली मूळ फोटो, वर नवा, आणि वरच्याची ओपॅसिटी ६० टक्के करा. उजेड उतरतो, शिवाय मूळचा दाणाही थोडा परत येतो. फक्त चौकट तंतोतंत जुळायला हवी, नाहीतर माळेचे दिवे दुहेरी दिसतील. तसं झालं तर ६० टक्क्यांचा नाद सोडा, सूचनेत ‘मंद’च्या जागी ‘अगदी मंद’ लिहा आणि मूळ फोटोपासून परत सुरू करा.