मदत हवी आहे: तळहात आणि काखेतला घाम. रोल-ऑनने आग होते, हातांचं काय करू?

शिवडीची_नेहा
नमस्कार मंडळी. वय २६, फोर्टमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. शाळेपासून तळहातांना घाम येतो. परीक्षेत उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवून लिहायचे. आता स्टॅम्प पेपरवर सही घ्यायची तर बोटांचे ओले ठसे उमटतात. हजेरीच्या मशीनवर अंगठा लागत नाही, म्हणून गेल्या महिन्यात दोनदा गैरहजेरी लागली, साहेबांना सांगून दुरुस्त करून घ्यावी लागली. काखेतही तसंच. हार्बरच्या गाडीतून उतरेपर्यंत कुर्त्यावर ताटाएवढा डाग.

केमिस्टने एक रोल-ऑन दिलं, वर 'ॲल्युमिनियम क्लोराइड हेक्साहायड्रेट २०%' असं लिहिलंय. रोज सकाळी आंघोळ झाली की लावते. काखेत आग होते, लाल पुरळ येतं आणि घाम मात्र तेवढाच. हे सोडून दुसरं काही घेऊ का? आई म्हणते थायरॉइड तपास. बोटॉक्स, ऑपरेशन असंही वाचलं. कोणाला अनुभव?

दादर_पश्चिम
मी तरी चांगल्या कंपनीचा डिओ वापरतो, दिवसभर वास येत नाही. सुती कपडे घाला. बाकी मुंबईत घाम कोणाला येत नाही हो?

शिवडीची_नेहा
दादा, वासाची तक्रार नाहीये. हात एसीतसुद्धा टपटपतात.

निवृत्त_सिस्टर_परळ
नेहा, औषध बदलू नकोस, लावायची वेळ बदल. स्किन ओपीडीत मी बरीच वर्षं होते, आणि रोल-ऑनची बाटली घेऊन 'काही उपयोग नाही' म्हणत येणाऱ्यांपैकी निम्मे तरी ते सकाळी लावणारे असायचे.

रोल-ऑनमधलं ॲल्युमिनियमचं मीठ घामाच्या नळीच्या तोंडाशी जाऊन बूच बसवतं. बूच बसायला काही तास लागतात, आणि तेवढ्या वेळात नळीतून घाम वाहत असेल तर औषध धुऊन जातं. झोपेत या प्रकारचा घाम जवळजवळ थांबतो, म्हणून ते रात्री लावायचं. आग होते ती ओलाव्यामुळे. पाणी लागलं की त्यातून आम्ल सुटतं. आंघोळीनंतर काख पुसलेली दिसली तरी ती दमटच असते, त्यात आपली हवा अशी.

म्हणून झोपण्याआधी पंख्याखाली हात वर करून पाच मिनिटं बस, किंवा हेअर ड्रायरची थंड हवा घे. त्वचा अगदी कोरडी झाली की पातळ थर लाव, सुकू दे, मग कपडे घाल. जुना गाऊन घाल, कापड खराब होतं. सकाळी साबणाने धुऊन टाक. दिवसा पुन्हा लावायचं नाही, डिओ हवा तर मार. केस काढल्यावर दोन दिवस त्या बाटलीला हात लावू नकोस.

पण आधी आत्ताचं पुरळ पूर्ण बरं होऊ दे. मग एक रात्र आड सुरू कर. एक-दोन आठवड्यांत फरक कळतो, आणि एकदा कोरडं राहू लागलं की आठवड्यातून एक-दोन रात्री पुरतं. नीट लावूनही आग होत असेल तर डॉक्टरांना दाखव, ते थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड मलम देतात.

थायरॉइडचं: झोपेत अंथरूण भिजतं का? वजन उतरलंय, धडधडतं? नवीन कुठली गोळी सुरू आहे? घरात आणखी कोणाला?

शिवडीची_नेहा
झोपेत हात एकदम कोरडे असतात. वजन तेवढंच, गोळी कुठली नाही. बाबांचे हात असेच आहेत, त्यांचा टायपिंगचा कागद नेहमी ओला व्हायचा म्हणे.

निवृत्त_सिस्टर_परळ
मग हा जन्मजात कलच दिसतो. दोन्ही बाजूंना सारखा, लहानपणापासून, झोपेत बंद, घरात दुसरं कोणीतरी. आईच्या समाधानासाठी रक्त तपास, हरकत नाही. वयाच्या चाळिशीत अचानक अंगभर किंवा रात्री घाम सुरू झाला असता तर मीच आधी तपासण्या करायला लावल्या असत्या.

आयुर्वेद_घरोघरी
तुरटी फिरवा. तीसुद्धा ॲल्युमिनियमचंच मीठ आहे, मग महागडी बाटली कशाला?

निवृत्त_सिस्टर_परळ
मीठ ॲल्युमिनियमचं हे खरं. पण तुरटीचा जोर कमी. थोडाफार घाम येणाऱ्याला चालून जाईल, हिच्या हातांपुढे टिकणार नाही.

ठाणे_ते_सीएसएमटी
मी सांगतो. कॉलेज संपल्यावर छातीतून दुर्बिणीने नस कापायचं ऑपरेशन केलं. हात त्याच दिवशी कोरडे, आजही कोरडे आहेत. पण आता पाठ, पोट आणि मांड्या भिजतात. मे महिन्यात बॅगेत दुसरा शर्ट ठेवतो. तरी मी खूश आहे, कारण मला लोकांशी हात मिळवायचे असतात. करून टाका, रोजची कटकट नको.

निवृत्त_सिस्टर_परळ
दादा, तुम्ही खूश आहात हे छानच. पण तो दुसरीकडचा घाम बऱ्याच जणांना येतो, काहींना मूळच्यापेक्षा जास्त, आणि कापलेली नस परत जोडून मिळत नाही. ते सगळ्यात शेवटी.

नेहा, तळहाताची कातडी जाड, तिथे रोल-ऑन काखेइतकं चालत नाही. हातांसाठी आयोन्टोफोरेसिस विचार. दोन ट्रेमध्ये नळाचं पाणी, तळहात बुडेल एवढंच, आणि त्यातून सौम्य वीज. साधारण वीस मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, मग जमेल तसं आठवड्यातून एकदा. मुंग्या येतात. अंगठ्या, बांगड्या काढायच्या, कापलेल्या जागी व्हॅसलीन लावायचं, आणि चालू असताना हात झटकन बाहेर काढायचा नाही, झटका बसतो. पेसमेकर, शरीरात धातूची सळई किंवा दिवस गेले असतील तर नाही. सोडलं की घाम परत येतो, हा त्याचा कमीपणा.

भायखळा_बॉय
यूट्यूबवर ॲडॅप्टर आणि बेकिंग ट्रे घेऊन घरीच करतात की!

निवृत्त_सिस्टर_परळ
भिंतीतल्या प्लगशी जोडलेलं काही पाण्यात घालून त्यात हात घालायचे? अजिबात नको.

शिवडीची_नेहा
ताई, आणि बोटॉक्स? गोळ्या?

निवृत्त_सिस्टर_परळ
काखेत बोटॉक्स छान चालतं, पाच-सहा महिने किंवा थोडं जास्तही टिकतं, मग परत सुया. तळहातात सुया फार दुखतात, म्हणून हात बधिर करून घेतात, आणि नंतर काही आठवडे चिमटीत जोर कमी राहू शकतो. तुला दिवसभर पेन धरायचं, म्हणून हे सांगते. खर्चाचं आधीच विचार, हाताला बरंच औषध लागतं.

गोळी ग्लायकोपायरोलेटची देतात, रिकाम्या पोटी. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. अंगाचाच घाम कमी होतो, त्यामुळे उन्हाळ्यात भरगच्च गाडीत अंग तापायचा धोका. डॉक्टरांशिवाय नाही.

शिवडीची_नेहा
अपडेट. पुरळ बरं झाल्यावर रात्री लावायला लागले. डाव्या काखेत स्पष्ट फरक आहे, उजवी अजून थोडी भिजते. का कोण जाणे. हातांसाठी स्किन ओपीडीत गेले, तिथली मशीन बिघडलीय, दुरुस्तीला टाकलीय म्हणाले. परळ-दादर भागात फिजिओथेरपीवाल्यांकडे असते का कोणाला माहीत आहे?

ठाणे_ते_सीएसएमटी
माझ्या वेळी ठाण्यात एकांकडे होती, आता चालू आहे का विचारून सांगतो. आणि ऑफिसात अंगठ्याऐवजी कार्ड मागा. माझ्या बायकोच्या बँकेत दिलं त्यांनी, डॉक्टरांची चिठ्ठी जोडल्यावर.