मदत हवी आहे: टीव्हीच्या स्वतःच्याच स्पीकरवर अ‍ॅटमॉससाठी जास्त पैसे भरायचे का?

दुपारचीझोप
नमस्कार मंडळी. आमच्याकडे ५५ इंची टीव्ही आहे, भिंतीवर लावलेला, स्पीकर त्याचेच, खालच्या बाजूला, स्पेसिफिकेशनमध्ये २० वॅट लिहिलंय. साउंडबार वगैरे काही नाही आणि एवढ्यात घेणारही नाही, जागाच नाहीये. आता ज्या सेवेवर आम्ही सिनेमे बघतो तिथे डॉल्बी अ‍ॅटमॉस फक्त सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये आहे. टीव्हीच्या खोक्यावर अ‍ॅटमॉसचा शिक्का आहे, सेटिंगमध्येही तसा पर्याय दिसतो, म्हणून मोह होतोय.

खरं कारण वेगळंय. माझ्या बाबांना हल्ली संवाद नीट कळत नाहीत, मारामारी सुरू झाली की रिमोट हातात, आवाज कमी, आणि लगेच कोणी कुजबुजलं की परत जास्त. मला वाटलं चांगला फॉरमॅट घेतला तर आवाज मोकळा होईल आणि त्यांना बरं पडेल. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, म्हणजे टीव्हीच्या बरेच डावीकडे. हे पैसे सार्थकी लागतील का? कोणी दोन्ही ऐकून बघितलंय का?

वरचामजला
अजिबात घेऊ नका. अ‍ॅटमॉस म्हणजे छतातले स्पीकर. छतात स्पीकर नसतील तर अ‍ॅटमॉस वाजतच नाही, टीव्ही नुसता शिक्का दाखवतो. आणि eARC, म्हणजे टीव्हीतून साउंडबारला आवाज नेणारी HDMI ची नवी जोडणी, नसेल तर बाहेरही जात नाही.

कान_देऊन
वरचामजला, निष्कर्ष पटतो पण कारण अर्धंच बरोबर आहे, आणि इथे कारण महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅटमॉसमध्ये आवाज ठरावीक स्पीकरला बांधलेला नसतो. हेलिकॉप्टरचा आवाज आणि तो खोलीत कुठे असायला हवा याची माहिती, असं दोन्ही बरोबर येतं, आणि समोर जेवढे स्पीकर असतील त्यात ते कसं बसवायचं हे घरातलं यंत्र ठरवतं. म्हणजे दोन स्पीकर असले तरी ते वाजतं, न वाजण्याचा प्रश्नच नाही. स्ट्रीमिंगवर तर आतला गाभा साध्या ५.१ चाच, म्हणजे पाच स्पीकर आणि एका वूफरचाच असतो आणि जागेची माहिती त्याच्या जोडीला येते. ज्या टीव्हीला अ‍ॅटमॉस कळत नाही तो जोडीची माहिती बाजूला टाकून ५.१ वाजवतो, त्यात हेलिकॉप्टर असतोच, फक्त तो डोक्यावर आहे एवढंच हरवतं. त्यामुळे स्वस्त प्लॅनवर सिनेमातला एखादा आवाज आपल्याला ऐकूच येत नसेल ही भीती मनातून काढून टाका, तसं होत नाही. eARC चं म्हणाल तर स्ट्रीमिंगवाला अ‍ॅटमॉस साध्या ARC वरूनही जातो, eARC लागतं ते डिस्कवरच्या मोठ्या, काहीही न गाळता दाबलेल्या ट्रॅकसाठी.

आता बाबांचा मुद्दा. थिएटरमध्ये संवाद समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतात, पाऊस वरून, गर्दी मागून. दिशा वेगळ्या असल्या की कान बोलणं बरोबर उचलून घेतो. टीव्हीत हे सगळं त्याच दोन स्पीकरमध्ये कोंबलं जातं, पाऊस, गर्दी, संगीत आणि संवाद एकाच जागेवरून यायला लागतात, आणि बोलणं त्याखाली दबतं. शिवाय तो मिक्स मोठ्या खोलीसाठी केलेला असतो, कुजबुज आणि स्फोट यांत प्रचंड अंतर ठेवलेलं असतं. म्हणजे बाबांची जी तक्रार आहे ती अ‍ॅटमॉसने कमी होणार नाही, काही सिनेमांत वाढेलसुद्धा. मी तरी आवाजासाठी पैसे भरणार नाही.

शांतताप्रिय
मला साउंडबारबद्दल विचारायचं होतं, माझा ३.१ आहे आणि वूफरची धडधड खालच्या मजल्यावर जाते, काय करू? खाली मऊ काहीतरी ठेवून बघितलं.

दुपारचीझोप
शांतताप्रिय, माझ्याकडे साउंडबार नाहीये हो, पण वूफर भिंतीच्या कोपऱ्यातून काढून बघा, कोपऱ्यात धडधड फार वाढते एवढं मी ऐकलंय.

कान_देऊन, खूप आभार. पण एक कळलं नाही, सेटिंगमध्ये अ‍ॅटमॉस चालू केलं की आवाज खरंच मोठा आणि पसरल्यासारखा वाटतो, सेवेच्या डेमो क्लिपवर मी स्वतः ऐकलंय. मग ते काय आहे?

ओलीवाट
मी सांगते, कारण मी याच्यावर पूर्ण एक रविवार घालवलाय. माझंही अगदी असंच झालं होतं. अ‍ॅटमॉस चालू केलं की व्वा वाटायचं, मी प्लॅन घेतलासुद्धा. मग फोनवर आवाज मोजणारं अ‍ॅप टाकलं, फोन सोफ्याच्या पाठीवर ठेवला आणि एकच सीन, पावसात दोघं बोलतायत असा, दोन्ही प्रकारे वाजवला. व्हॉल्यूमचा आकडा तोच ठेवून बंद असताना ६२ डेसिबलच्या आसपास आणि चालू असताना ६५-६६. म्हणजे व्वा मधला मोठा भाग नुसता आवाज वाढल्याचा होता, जरा मोठं ते आपल्याला नेहमीच जास्त चांगलं वाटतं. फोनचं अ‍ॅप खरा आकडा अचूक देत नाही, पण एकाच फोनवर एकाच जागी फरक बघायला ते पुरतं.

मग चालू असताना व्हॉल्यूम चार घरं खाली आणून दोन्ही सारखं केलं आणि बहिणीला रिमोट दिला, मी टीव्हीकडे पाठ करून बसले, तिने दहा वेळा मनाला येईल तसं बदललं. मी दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलं! पण कशावरून ओळखलं ते ऐका: चालू असताना माणसांचे आवाज किंचित पोकळ आणि बारीक व्हायचे, आणि पाऊस टीव्हीच्या कडांच्या थोडा बाहेर जायचा. वरून मात्र एकदाही आला नाही. म्हणून नुसता फरक कळतो का एवढं विचारू नका, बोलणं जास्त स्पष्ट झालं का आणि वरचं खरंच वरून आलं का, हे विचारा.

आणि तुमच्या बाबांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, सोफ्याच्या मधल्या जागेवरून मी अर्धा मीटर बाजूला सरकले की तो पसरलेपणाही गेला आणि पोकळपणा तेवढा राहिला.

कान_देऊन
ओलीवाट, फार नीट केलंय तुम्ही. बाजूला सरकल्यावर जातं त्याचं कारण असं की दोन स्पीकरमधून आजूबाजूचा भास निर्माण करायचा तर डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानात पोचू नये म्हणून उलटा सिग्नल सोडून तो कापावा लागतो, आणि ते गणित एकाच जागेसाठी जुळतं. खिडकीजवळच्या खुर्चीत ते जुळणं शक्य नाही.

गच्चीवरचा
मी मात्र वेगळं सांगेन. माझ्या टीव्हीत वरच्या कडेला छताकडे तोंड केलेले स्पीकर आहेत, तेही टीव्हीचे स्वतःचेच, बाहेरचं काही नाही. मला पाऊस आणि विमान खरंच वरून ऐकू येतं. बायकोला येत नाही, ती म्हणते तुझा भ्रम आहे. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका, मी पैसे भरतो आणि मला ते आवडतं.

कान_देऊन
गच्चीवरचा, तुमचा टीव्ही वेगळ्या जातीचा आहे, दुपारचीझोप यांचे स्पीकर खालच्या दिशेचे आहेत. तुमच्याकडे आवाज छतावर आपटून येतो, आणि छत सपाट, टणक आणि साधारण अडीच ते साडेतीन मीटरवर असेल तर थोडंफार जमतं. तिरकं किंवा फार उंच छत असेल तर नाही. तुम्हाला येतं आणि वहिनींना येत नाही हेही खोटं नसावं. आवाज वरून आला हे आपण कानाच्या बाहेरच्या आकारामुळे उंच पट्टीतले स्वर कुठे वाढतात-घटतात यावरून ओळखतो, आणि प्रत्येकाचा कान वेगळा. टीव्ही एक सरासरी कान धरून चालतो.

वरचामजला
म्हणजे माझं चुकलं, वाजतं पण वरून येत नाही. ठीक आहे. पण मग टीव्हीवर तो शिक्का कशाला लावतात?

ओलीवाट
शिक्क्याचा अर्थ तो फॉरमॅट टीव्हीला वाचता येतो एवढाच. किती स्पीकर आहेत आणि ते कुठे तोंड करून आहेत हे शिक्का सांगत नाही, ते स्पेसिफिकेशनमध्ये २.० की २.२.२ असं बघावं लागतं. तिसरा आकडा वरच्या स्पीकरचा, तो नसेल तर वरचं सगळं गणितातून आणलेलं.

दुपारचीझोप
आज संध्याकाळी करून बघितलं. आमचा टीव्ही २.० आहे. फोन बाबांच्या खुर्चीवर ठेवून आवाज सारखा केला, चालू केल्यावर इथे तीन घरं खाली यावं लागलं. बाबांना डोळे मिटून ऐकायला सांगितलं आणि प्रत्येक वेळी एवढंच विचारलं की काय बोलला ते सांगा. अ‍ॅटमॉस चालू असताना आठ वाक्यांपैकी पाच सांगता आली, बंद असताना सहा. मग सेवेच्या भाषेच्या मेनूत ५.१ च्या खाली साधा स्टिरिओ ट्रॅक होता तो लावला आणि टीव्हीत संवाद उठवायचा पर्याय मधल्या पायरीवर ठेवला, तर आठही! प्रत्येक वेळी सीन वेगळा घेतला होता, नाहीतर वाक्यं पाठ झाली असती, त्यामुळे पाच आणि सहाचा फरक मी धरत नाही, पण आठ हे स्पष्ट होतं, बाबांनी स्वतःहून मान हलवली.

कान_देऊन
उत्तम. स्टिरिओ ट्रॅक बऱ्याचदा दोन स्पीकरसाठी वेगळा तपासून दिलेला असतो, तिथे टीव्हीला कोंबाकोंबी करावी लागत नाही. संवाद उठवायचा पर्याय मात्र अगदी वरच्या पायरीला नेऊ नका, स, श टोचायला लागतात आणि तासाभराने डोकं दुखतं. रात्रीचा मोड असेल तर तोही लावा, कुजबुज आणि स्फोटातलं अंतर त्याने कमी होतं.

गच्चीवरचा
एक लक्षात ठेवा, त्या महागड्या प्लॅनमध्ये ४के चित्रही असतं. ५५ इंचावर जवळून बघत असाल तर त्यासाठी विचार करा.

दुपारचीझोप
हो, ते चित्राच्या हिशोबात वेगळं बघू, आवाजासाठी नाही घेत. पुढे कधी मधला स्पीकर असलेलं काही घेतलं तर त्या महिन्यात प्लॅन वाढवता येईलच.

एक अजून अडकलंय. बाबांची आवडती एक मालिका आहे तिला स्टिरिओ ट्रॅकच नाही, फक्त ५.१. टीव्हीच्या सेटिंगमध्ये `PCM` निवडून बघितलं पण काही फरक पडला नाही. अशा वेळी कोणी काय करतं?

ओलीवाट
तो पर्याय बाहेर जाणाऱ्या आवाजासाठी असतो, टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरला त्याने फरक पडत नाही. माझ्या एका सिनेमाला असंच होतं, मी अजून मार्ग शोधतेय, तोवर सबटायटल लावून बघते.