मदत हवी आहे: उरलेल्या कापडांची गोधडी, पण रंग ठरवून घेतल्यासारखे दिसायला हवेत

सुईदोरा
भाचीसाठी गोधडी शिवायची आहे. आकार साधारण ३ फूट बाय ४ फूट. ओळखीच्या ब्लाउज-ड्रेस शिवणाऱ्या ताईंकडून तुकड्यांची मोठी पिशवी मिळाली आहे, सगळं सुती. त्यातून साडेसहा इंचाचे चौकोन कापलेत, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव इंच शिलाई जाऊन ६ इंच उरेल. आडवे ६, उभे ८, असे एकूण ४८.

कापडं अशी: टू बाय टूचे प्लेन तुकडे (मरून, बॉटल ग्रीन, मोहरी, राणी), पांढऱ्यावर बारीक बुट्ट्यांचं कुर्त्याचं कापड, निळे-राखाडी शर्टाचे चेक्स, आणि गाऊनचं मोठ्या केशरी फुलांचं कापड. पलंगावर मांडून बघितले. जवळजवळचे रंग शेजारी ठेवले, मग विरुद्ध रंग ठेवून पाहिले. दोन्ही वेळा नुसता गोंधळ दिसतोय. नवं कापड विकत न आणता हे जमवता येईल का?

कोकणकन्या
अगं, आमच्याकडे जुन्या नऊवारीच्या घड्या एकावर एक घालून धावदोरा मारतात. रंगांचा प्रश्नच येत नाही. वर एक आवडती साडी, खाली एक मऊ साडी, मध्ये बाकीच्या. उबेलाही छान आणि धुवायला हलकी. तसंच का करत नाहीस?

सुईदोरा
ताई, ती खालच्या थरासाठी करणारच आहे, आईची जुनी साडी काढून ठेवली आहे. प्रश्न फक्त वरच्या तुकड्यांचा आहे.

मास्तर_शिवणकर
सोपा उपाय: प्रत्येक चौकोनाभोवती एकाच रंगाची इंचभर पट्टी लावा. नेव्ही ब्लू घ्या. कितीही विजोड तुकडे असले तरी चौकटीत बसले की जुळतात. ४४ इंच पन्ह्याचं मीटरभर पॉपलिन पुरेल.

गोधडीवाली
पट्टीने गोधडी सावरते हे खरं, पण सुईदोराला नवं कापड आणायचं नाहीये. शिवाय आतले चौकोन सगळे सारखेच गडद किंवा सारखेच फिकट असतील तर पट्टी लावूनही गोधडी सपाटच दिसते, खिडक्यांची रांग असल्यासारखी.

सुईदोरा, तू रंगावरून लावते आहेस म्हणून अडते आहेस. आधी रंग विसर आणि गडद-फिकट बघ. सगळे चौकोन जमिनीवर पसर, दिवसाच्या उजेडात वरून फोटो काढ आणि फोनच्या एडिटमध्ये सॅच्युरेशन अगदी कमीत कमी कर, म्हणजे फोटो काळा-पांढरा होईल. मग तीन ढीग कर: गडद, मध्यम, फिकट. किती-किती निघाले ते सांग, पुढचं मग बोलू.

सुईदोरा
केलं! गडद १४, फिकट ९ आणि मध्यम चक्क २५. मोहरी, चेक्स, गाऊनचं कापड सगळं मध्यमात गेलं. केशरी आणि निळा फोटोत एकसारखे राखाडी दिसतात, हे मला अजिबात वाटलं नव्हतं.

गोधडीवाली
गोंधळ तिथेच आहे. अर्ध्याहून जास्त तुकडे सारख्याच गडदपणाचे, म्हणून डोळ्याला धरायला काही सापडत नाही.

४८ चौकोन तीन ढिगांत वाटले तर प्रत्येकी १६ हवेत. फिकट ७ कमी आहेत आणि गडद २. आता छापील तुकडे उलटे करून बघ. छपाई वरून असते, त्यामुळे मागची बाजू बहुतेक वेळा बरीच फिकी असते. गाऊनच्या कापडाची उलटी बाजू फिकट केशरी निघेल, तीच वर घे. अशा ७ चौकोनांनी फिकट ढीग १६ चा होतो. चेक्सवर हे चालणार नाही, ते सुतातच विणलेले असल्याने दोन्ही बाजू सारख्याच. मध्यमातले सर्वात गडद दोन चेक्स गडदात टाक. झाले १६-१६-१६.

मांडणी अशी: पहिल्या ओळीत गडद, मध्यम, फिकट, पुन्हा गडद, मध्यम, फिकट. दुसरी ओळ एक घर उजवीकडे सरकव, म्हणजे ती फिकटने सुरू होईल. तिसरी मध्यमने. चौथी पुन्हा पहिलीसारखी. गडदाचे तिरपे पट्टे डावीकडून उजवीकडे उतरताना दिसतील आणि त्या पट्ट्यात मरून आहे की हिरवा, हे मग तितकं महत्त्वाचं उरत नाही.

रेशीमगाठ
माझ्याकडे पैठणीचे काठ उरलेत, तेही असेच बसतील का? जरीमुळे फोटोत कसे दिसतील?

गोधडीवाली
@रेशीमगाठ जरी प्रकाश कुठून येतो त्यावर कधी गडद, कधी फिकट दिसते, त्यामुळे फोटोवर विसंबू नका. रोज अंगावर घ्यायच्या गोधडीत सुती तुकड्यांबरोबर रेशीम शिवूही नये. सूत धुतल्यावर आवळतं, रेशीम वेगळं वागतं आणि शिलाईजवळ चुण्या पडतात. काठांसाठी नुसती भिंतीवर लावायची वेगळी गोधडी करा.

सुईदोरा
मांडून बघितलं, फारच फरक पडला! पण राणी रंगाचे दोन चौकोन अजून डोळ्यात खुपतात. फोटोत ते बॉटल ग्रीनइतकेच गडद आहेत, तरी असं का?

गोधडीवाली
फोटोची मर्यादा हीच. राणी, लाल, केशरी हे झगझगीत रंग गडदपणा सारखा असला तरी पुढे उडी मारतात. त्यांची जागा नुसत्या डोळ्यांनीच ठरवायची. एकाच ठिकाणी आलेला झगझगीत रंग चुकून पडल्यासारखा वाटतो. निदान तीन ठिकाणी, एकमेकांपासून लांब आणि एका रेषेत येणार नाहीत असे टाक. पिशवीत राणीचा तिसरा तुकडा मिळतो का बघ, मिळाला तर एक मरून काढून तो बसव. नसेलच तर दोन्ही राणी वगळून त्या जागी हिरवे घे.

मास्तर_शिवणकर
तिरपी मांडणी चांगली, मान्य. तरी मी मधे बारीक पट्टी लावीनच. चौकोनाचे कोपरे शेजारच्या कोपऱ्याशी जुळले नाहीत तर तिरपा पट्टा तुटल्यासारखा दिसतो. पट्टी असली की थोडं इकडेतिकडे चालून जातं.

गोधडीवाली
मास्तर, पट्टीने तिरपा ओघ थांबतो, निदान मला तरी. कोपऱ्यांसाठी पहिल्या ओळीतल्या शिलाईची माया एका बाजूला दाबा, दुसऱ्या ओळीतली उलट बाजूला. मग जोडताना ती एकमेकांत घट्ट बसते.

आणखी एक गोष्ट. वरून धावदोरा एकाच रंगाचा घ्या, पांढरा किंवा फिकट. गडद चौकोनांवर त्याचे ठिपके उठतात, फिकटांवर विरून जातात, आणि सगळीभर एकच दोरा फिरल्याने विजोडपणा कमी होतो. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवांदी गोधडी जवळून बघा, तुकडे मिळेल तसे लावलेले असतात, पण कडेपासून आत येत जाणारे टाके सगळं एकत्र बांधतात.

कोकणकन्या
मरून आणि बॉटल ग्रीन आधी धुतलेत ना? ओला पांढरा फडका घट्ट दाबून बघ. रंग उतरला तर ते पाण्यातून काढत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नाहीतर पहिल्याच धुण्यात फिकट चौकोन गुलाबी होतील.

सुईदोरा
मरूनचा फडक्यावर रंग आला! आजच भिजत घालते. राणीचा तिसरा तुकडा सापडलाय, पण तो चार इंचाचाच आहे, साडेसहाचा करायला बाजूला काहीतरी जोडावं लागेल. कशाशी जोडू, हिरव्याशी की मरूनशी? आणि कडेची पट्टी गडद ठेवावी की फिकट, हेही सुचवा.